तक्रार मिटली, मग रिव्ह्यूचं काय?

ड्रायक्लीनच्या दुकानाला एक स्टार देणारा माणूस बहुतेक वेळा रागात असतो, आणि तो राग बहुतेक वेळा रास्तच असतो. खरा प्रश्न काही महिन्यांनी येतो. दुकानदाराने चूक मान्य केलेली असते, भरपाई दिलेली असते, कामाची पद्धतही बदललेली असते. आपलं त्याच्याशी भांडण संपलेलं असतं. पण गूगल मॅप्सवर त्याच्या दुकानाखाली आपला एक स्टार आणि त्या चार ओळी तशाच राहतात. रोज कुणीतरी त्या वाचतं आणि साडी दुसरीकडे घेऊन जातं.

ही नोंद दुरुस्त करण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते, कारण ती इतर कुणालाच करता येत नाही. नियम मोडणारा रिव्ह्यू गूगल काढून टाकतं. शिवीगाळ, खोटा अनुभव, जाहिरात वगैरे. पण ‘तक्रार खरी होती, आता सुधारणा झाली आहे’ हे काही रिव्ह्यू काढण्याचं कारण होत नाही, आणि होऊही नये. दुकानदार फार तर खाली उत्तर लिहू शकतो. पण स्वतःच्या बाजूने स्वतःच बोलणाऱ्या दुकानदारावर वाचणारा किती विश्वास ठेवणार? एकेकाळी ज्याने तक्रार केली, त्याच ग्राहकाचा शब्द तिथे चालतो.

माझ्याच एका साडीची गोष्ट सांगते, म्हणजे यात नेमकं काय पाहायचं ते कळेल. क्रीम रंगाची रेशमी साडी, मरून काठ, पदराजवळ चहाचा डाग. नेहमीच्या रस्त्यावरच्या एका छोट्या दुकानात ड्रायक्लीनला दिली. ड्रायक्लीनमध्ये कपडा पाण्यात घालत नाहीत, पेट्रोलसारख्या द्रावणात धुतात. त्याने तेलकट डाग निघतो, पण चहाचा डाग पाण्यात विरघळणारा असतो, तो या द्रावणाला दाद देत नाही. म्हणून तेवढ्या जागेवर वेगळं, पाणी आणि वाफ वापरून काम करावं लागतं. ते करताना शेजारच्या काठाचा रंग पक्का आहे का, हे कुणी पाहिलं नाही. रंग कच्चा निघाला, आणि क्रीम अंगावर वीतभर गुलाबी पसरलं. वर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘ताई, हे आधीपासूनच असणार.’ पावतीवर फक्त ‘साडी 1’ एवढंच लिहिलेलं, त्यामुळे माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. मी फोटोसकट एक स्टार दिला. लिहिलं ते सगळं खरं होतं.

पुढच्या आठवड्यात मालकांचा फोन आला. त्यांनी ड्रायक्लीनचे पैसे परत केले, साडी रंग काढणाऱ्या कारागिराकडे स्वखर्चाने पाठवली. गुलाबी बरंच गेलं, सगळं नाही. उरलेल्या नुकसानीचे पैसेही दिले. मला स्वतःला हे पुरेसं वाटलं. तरीही तेव्हा रिव्ह्यू बदलायची वेळ आलेली नव्हती, आणि बहुतेक लोकांची गफलत इथेच होते, असं मला वाटतं.

माझी भरपाई झाली म्हणजे माझी तक्रार मिटली. पण रिव्ह्यू वाचणाऱ्याला माझ्या भरपाईशी काय घेणंदेणं? त्याला कळून घ्यायचं असतं की उद्या त्याने दिलेल्या साडीचा रंग फुटेल की नाही. पैसे परत मिळाले, पण काम जसंच्या तसं चालू राहिलं, तर पुढच्या बाईची साडीही तशीच खराब होणार, फक्त तिलाही पैसे परत मिळतील. एवढंच झालं असेल तर रिव्ह्यूत एक ओळ वाढवावी, की तक्रारीनंतर मालकांनी पैसे परत केले. ही माहितीही उपयोगी असते. स्टार मात्र वाढवू नयेत.

दिवाळीनंतर मी तिथेच दुसरी साडी दिली. ही फारशी मोलाची नव्हती, हे कबूल करते. पारख करायला तीच बरी. या वेळी काउंटरवरच्या बाईंनी साडी टेबलावर पूर्ण उलगडली. नेसताना आत खोचला जाणारा भाग घेतला, पांढरा रुमाल ओला करून काठावर दाबून धरला आणि रुमाल मला दाखवला. त्यावर फिकट हिरवा ठसा होता. ‘काठ कच्चा आहे, पाणी लावणार नाही. डाग पूर्ण जाणार नाही, चालेल का?’ मग पावतीवर लिहिलं: हळदीचा डाग पदरावर, काठ कच्चा, फॉलची शिवण एका जागी उसवलेली. माझी सही घेतली. साडी दोन दिवस उशिरा मिळाली, पण मिळाली ती ठीक, आणि डाग त्यांनी सांगितला होता तेवढाच उरला होता.

चूक जिथे झाली होती तिथेच बदल झालेला आता दिसत होता. रंगाची पारख होत नव्हती, ती होऊ लागली. पावतीवर कपड्याची अवस्था लिहीत नव्हते, ती लिहू लागले. माफी किंवा आश्वासन दुकानाच्या तोंडून ऐकायला मिळतं. ही पावती माझ्या हातात होती. अशी एखादी पाहिलेली, हाताळलेली गोष्ट मिळाली की नोंद बदलायची वेळ झाली असं समजावं.

बदल करताना जुना रिव्ह्यू पुसून टाकून नवा कौतुकाचा मजकूर लिहायची इच्छा होते. तसं करू नये. गूगल मॅप्सवर एका खात्याचा एका दुकानासाठी एकच रिव्ह्यू राहतो. तो बदलला की जुना मजकूर वाचणाऱ्याला दिसत नाही, आणि तारीखही बदल केल्याची दिसते. म्हणजे पूर्वी काय घडलं याचा माग आपणच मजकुरात ठेवला नाही, तर तो राहत नाही. आणि तो राहायला हवा. उद्या आणखी कुणाच्या साडीचा रंग फुटला, तर हे पहिल्यांदाच घडलेलं नाही हे तिला कळायला हवं. दुकानाच्या बाजूनेही ते बरं असतं: चूक झाली, मग हे हे बदललं, हे वाचून जेवढी खात्री पटते तेवढी नुसत्या ‘उत्तम सेवा’ने पटत नाही.

मॅप्समध्ये आपल्या प्रोफाइलवर जाऊन, त्या रिव्ह्यूशेजारच्या तीन टिंबांवर दाबलं की Edit review येतं. मी नवा मजकूर वर ठेवला, कारण लोक पहिल्या दोन ओळीच वाचतात, आणि जुना खाली तसाच ठेवला:

‘डिसेंबरमधली नवी नोंद: ऑगस्टच्या तक्रारीनंतर मालकांनी पैसे परत केले आणि साडी स्वखर्चाने दुरुस्त करून दिली, डाग पूर्ण गेला नाही. आता साडी घेताना समोर काठाचा रंग तपासतात आणि आधीचे डाग पावतीवर लिहितात. दुसरी साडी दिली, ती नीट मिळाली, दोन दिवस उशीर झाला. फोटो पहिल्या साडीचा आहे. ऑगस्टमध्ये लिहिलेलं: रेशमी साडीच्या काठाचा रंग अंगावर उतरला, आणि दुकानाने आधी जबाबदारी नाकारली...’

स्टार एकाचे चार केले. पाच का नाही? एकाच कामावरून मी तेवढी ग्वाही देऊ शकत नाही, आणि उशीरही झालाच होता. स्टार देताना स्वतःला विचारावं की माझ्या बहिणीला आज इथे साडी द्यायला सांगेन का, आणि कितपत खात्रीने. मागचं नुकसान मजकुरात येतं, स्टार आजच्या कामाचे द्यावेत.

हे तीन स्टार छोट्या दुकानाला किती मोठे असतात, ते आकड्यात पाहा. समजा दुकानाला एकूण 20 रिव्ह्यू आहेत आणि सरासरी 4.3 आहे. एका रिव्ह्यूचे एकाचे चार झाले, की सरासरी 4.45 होते. दोन हजार रिव्ह्यू असलेल्या मोठ्या दुकानात तेच तीन स्टार सरासरी 0.0015 ने हलवतात, म्हणजे हलवतच नाहीत. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लुका यांनी 2011 मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या उपाहारगृहांच्या उत्पन्नाचा आणि येल्पवरच्या रेटिंगचा मेळ घालून पाहिला. एक स्टार वाढला की उत्पन्न 5 ते 9 टक्के वाढत होतं, पण फक्त स्वतंत्र, एकट्यादुकट्या उपाहारगृहांचं; सगळीकडे शाखा असलेल्या साखळीतल्या उपाहारगृहांवर असा परिणाम दिसला नाही. साखळीचं नाव लोकांना आधीच माहीत असतं. गल्लीतल्या दुकानाची ओळख नव्या गिऱ्हाइकाला आपल्याच ओळींवरून होते, म्हणून शिळी झालेली ओळ तिथे जास्त नुकसान करते.

नोंद बदलण्याआधी आणखी एक गोष्ट तपासावी: बदल आपण आपल्या मनाने करतो आहोत का. ‘रिव्ह्यू काढा, पुढची दोन कामं फुकट’ असं सांगणारे मालक असतात. गूगलचे नियम याला साफ मनाई करतात. सवलत किंवा मोफत सेवा देऊन वाईट रिव्ह्यू बदलायला किंवा काढायला लावणं त्यांत बसत नाही. नुकसानभरपाई वेगळी. साडी खराब केली म्हणून दिलेले पैसे आपल्या हक्काचे असतात, मग रिव्ह्यू बदलो वा न बदलो. पण ‘आधी स्टार वाढवा, मग पैसे देतो’ असं कुणी म्हणालं, तर तो सौदा झाला. तिथे स्टारला हात लावू नये, आणि अशी अट घातली गेली हेही रिव्ह्यूत लिहावं. वाचणाऱ्याच्या दृष्टीने रंग फुटण्याइतकीच ती महत्त्वाची बाब आहे.

काही तक्रारींत एका चांगल्या अनुभवावर भागत नाही. खाण्यातून बाधा झाली, गॅसची जोडणी गळकी केली, गाडीच्या ब्रेकचं काम बिघडवलं, अशा वेळी सुधारणा झाली की नाही हे ग्राहकाला नुसतं पाहून ठरवता येत नाही. तिथे जे कळलं तेवढंच लिहावं आणि स्टार बराच काळ तसेच राहू द्यावेत. दुकान तेच, नाव तेच, पण मालक बदलले असतील, तर तेही एका ओळीत लिहावं. जुनी तक्रार कोणाच्या कारभारातली हे वाचणाऱ्याला कळतं.

नोंद बदलल्यावर मालकांना कळवणंही बरं. ऑगस्टमध्ये त्यांनी माझ्या रिव्ह्यूखाली लिहिलेला माफीनामा तसाच होता, आणि चार स्टारांखाली तो कोड्यात टाकणारा दिसत होता. मी फोन केला तेव्हा त्यांना उत्तर बदलता येतं हेच ठाऊक नव्हतं. आता तिथे त्यांनी लिहिलं आहे की रेशमी साडी देताना काठाची तपासणी समोर करून घ्या, घाईच्या वेळीही आग्रह धरा.