एका प्रकरणाच्या तीन नोट्स

राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५पासून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या धर्तीवर वर्णनात्मक झाली. पूर्व परीक्षा मात्र पर्यायांचीच राहिली. त्यामुळे पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये जुनाच प्रश्न नव्याने विचारला जातो : नोट्स किती मोठ्या काढायच्या? बहुतेक जण पुस्तकाची पानं मोजून उत्तर देतात, तीस पानांचं प्रकरण म्हणजे तीन पानांची नोट. पण लांबी ठरवायची ती परीक्षा आपल्याकडून काय काढून घेते यावरून.

त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती घेऊ. पंचायत राजला घटनात्मक दर्जा देणारी ही दुरुस्ती २४ एप्रिल १९९३पासून लागू झाली. पर्यायी प्रश्नांसाठी या प्रकरणाची नोट तिन्हींत मोठी असावी लागते. हे ऐकून लोक चमकतात, कारण एका खुणेच्या उत्तराला नोटही छोटी पुरेल असं वाटतं. पण ‘पंचायतीची मुदत पाच वर्षे’ एवढंच लिहून ठेवणाऱ्याला परीक्षक नेमका पुढचा भाग विचारतो. पंचायत मुदतीआधी बरखास्त झाली, तर सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी लागते. नव्या पंचायतीला उरलेलाच काळ मिळतो, आणि तो उरलेला काळ सहा महिन्यांहून कमी असेल, तर त्यासाठी निवडणूक घेण्याची गरज नाही. त्रिस्तरीय रचनेचंही तसंच : वीस लाखांपेक्षा जास्त लोकसंख्या नसलेल्या राज्याला मधला स्तर नसला तरी चालतो. महिलांसाठी घटनेत ‘किमान एक तृतीयांश’ जागा आहेत, महाराष्ट्रात निम्म्या. चुकीचे पर्याय अशा अपवादांतूनच तयार होतात. म्हणून या नोटेतून वाक्यं, प्रस्तावना, कारणमीमांसा निघून जावी. कलम, संख्या, ‘किमान’, ‘परंतु’ मात्र एकही गाळू नये. एवढं केलं तरी दीड-दोन पानं भरतात.

टीप लिहायची वेळ आली की हिशेब उलटा होतो. केंद्रीय आयोगाच्या सामान्य अध्ययनाच्या एका पेपरात तीन तासांत वीस प्रश्न असतात. दहा गुणांचं उत्तर दीडशे शब्दांत, पंधरा गुणांचं अडीचशे शब्दांत. वेळ वाटून पाहिली तर दीडशे शब्दांच्या उत्तराला साधारण सात मिनिटं येतात, आणि त्यातच विचारही करायचा असतो. एवढ्यात पाच-सहा मुद्दे मांडून होतात, त्याहून जास्त नाही. मग ‘पंचायतींना पुरेशी आर्थिक सत्ता मिळाली का?’ या प्रश्नासाठी सात-आठ ओळींची नोट पुरते : अकराव्या अनुसूचीतले २९ विषय; ते सोपवणं राज्य विधिमंडळाच्या मर्जीवर; दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग; स्वतःचं उत्पन्न तोकडं; सरकारी अनुदानावर भिस्त; एक उदाहरण; एक उपाय. सगळे २९ विषय इथे पाठ करण्यात अर्थ नाही.

ही नोट मापात आहे की नाही हे कळायला घड्याळ लागतं. वही मिटायची आणि सात मिनिटांत उत्तर लिहायचं. वेळ संपली आणि दोन-तीन मुद्दे हातात उरले, तर नोट लांब आहे. काय गाळायचं हे आपण परीक्षेच्या खोलीत ठरवतो आहोत. नव्वद शब्दांवर पेन थांबलं तर बहुतेक वेळा मुद्दे कमी नसतात, त्यांना जोडून येणारं उदाहरण किंवा कारण नसतं. अशा वेळी नवा मुद्दा लिहू नये, आहे त्याच मुद्द्याला चार शब्द जोडावेत.

निबंधाची नोट सर्वांत आखूड, आणि इथेच सर्वाधिक गफलत होते. दीड तासात हजार-बाराशे शब्द लिहायचे म्हणून मुलं पाच-पाच पानांचे तयार निबंध साठवतात. पण निबंधाचा विषय ‘त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती’ असा क्वचितच येतो. सत्ता, विश्वास, गाव आणि शहर अशा अंगाने तो येतो. पाठ केलेला निबंध तिथे कोंबला की दुसऱ्याच परिच्छेदात उघडा पडतो. अर्धं पान पुरे : आपली भूमिका एका वाक्यात, तिच्यावरचा सर्वांत जबरदस्त आक्षेप, आणि खोलवर माहीत असलेली दोन उदाहरणं. एक हिवरे बाजार, दुसरं २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारं गडचिरोलीतलं मेंढा (लेखा). ही दोन उदाहरणं विकेंद्रीकरणावर चालतात, पर्यावरणावर चालतात, आणि नेतृत्वावरही.

क्रम मात्र पाळावा. आधी पर्यायी प्रश्नांची लांब नोट, तिच्यातून टिपेच्या सात ओळी, आणि निबंधाचं अर्धं पान उत्तरं लिहून हात बसल्यावर. बाजारात मिळणारी ‘सर्व परीक्षांसाठी एकच’ संक्षिप्त पुस्तिका पूर्वला अपुरी पडते आणि मुख्यला जड होते. ती घेण्यापेक्षा आपल्या वहीतलं एक प्रकरण आज सात मिनिटांत लिहून पाहा.