जाहिरात गुरुवारी, गिऱ्हाईक कधी?

नवी गादी घ्यायची असली की घरात काय काय होतं ते आठवून पाहा. गुरुवारी सकाळी पेपरात गाद्यांची अर्ध्या पानाची जाहिरात दिसते. ती पाहून लगेच कोणी दुकानात जात नाही. पान घडी करून फ्रिजवर ठेवलं जातं. संध्याकाळी पलंगाचं माप घेतलं जातं, शेजारच्या वहिनींनी कोणती घेतली याची चौकशी होते, बजेटवरून थोडी बोलाचाली होते आणि रविवारी जेवणं आटोपल्यावर सगळे मिळून दुकानात जातात, एकेका गादीवर आडवे होऊन पाहतात. दुकानदाराचे पैसे गुरुवारी गेले, गिऱ्हाईक रविवारी आलं. मधल्या तीन दिवसांत घराघरांत जे चाललं होतं, त्याची नोंद त्याच्या वहीत कुठेच नसते.

म्हणून शुक्रवारी गल्ला पाहून 'जाहिरात वाया गेली' म्हणणारा दुकानदार चुकतो. पण मग वाट किती दिवस पाहायची? दोन, पाच की पंधरा? त्याच्याकडच्याच आकड्यांतून हे काढायची एक रीत आहे. तिला क्रॉस-कोरिलेशन म्हणतात. नाव जड असलं तरी काम साधं आहे: खर्चाची यादी आणि विक्रीची यादी शेजारी शेजारी मांडायची, मग विक्रीची यादी एकेक दिवस मागे सरकवत न्यायची आणि दोन्ही यादींचे चढउतार कुठे सर्वांत चांगले जुळतात ते पाहायचं.

दहा दिवसांचं एक काल्पनिक उदाहरण हातानेच सोडवू. दुकानदार रोज एक हजार रुपये जाहिरातीवर घालतो, फक्त दुसऱ्या आणि सहाव्या दिवशी सहा हजार. सरासरी खर्च झाला दोन हजार. दहा दिवसांत गाद्यांच्या ऑर्डरी अशा आल्या: ९, ८, ९, ९, १५, १०, ८, ९, १४, ९. सरासरी १०. आता प्रत्येक आकडा आपापल्या सरासरीच्या किती वर किंवा खाली आहे ते लिहू.

खर्च: −१, +४, −१, −१, −१, +४, −१, −१, −१, −१
ऑर्डरी: −१, −२, −१, −१, +५, ०, −२, −१, +४, −१

आधी त्याच दिवसाचा खर्च आणि त्याच दिवसाच्या ऑर्डरी यांचा गुणाकार करून सगळ्यांची बेरीज करू. ती येते −१०. म्हणजे जाहिरातीच्या दिवशी विक्री उलट कमीच दिसते. एक दिवस सरकवलं की −१६, दोन दिवस सरकवलं की −१३. आता तीन दिवस सरकवू. दुसऱ्या दिवसाचा +४ पाचव्या दिवसाच्या +५ समोर येतो, सहाव्याचा +४ नवव्याच्या +४ समोर येतो, आणि बेरीज होते ४१. चार दिवस सरकवलं की ती पुन्हा −१० वर घसरते. या बेरजांना एकाच मापाने भागलं (इथे ते माप सुमारे ४६.५ आहे) की −१ ते +१ मधले आकडे मिळतात. तीन दिवसांना ०.८८, बाकी सगळीकडे शून्याखाली. विलंब तीन दिवसांचा.

खरे आकडे इतके सरळ कधीच नसतात. निदान चार महिन्यांचा रोजचा हिशेब हवा. तो एक्सेलमध्ये असेल, म्हणजे A रकान्यात तारीख, B मध्ये खर्च, C मध्ये ऑर्डरी अशा १२० ओळी असतील, तर तीन दिवसांच्या विलंबाचं सूत्र असं:

```
=CORREL(B2:B118,C5:C121)
```

खर्चाची यादी शेवटचे तीन दिवस सोडते, विक्रीची यादी पहिले तीन दिवस सोडते, एवढंच. शून्यापासून वीस दिवसांपर्यंत असे एकवीस आकडे काढले की आलेखावर उंचवटा कुठे आहे ते दिसतं.

पण सूत्र टाकण्याआधी तारखा तपासायला हव्यात, कारण बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. गाद्यांच्या धंद्यात ऑर्डर आज होते आणि बिल माल घरपोच होताना फाटतं. विक्रीची तारीख बिलावरून घेतली, तर डिलिव्हरीचे चार-पाच दिवस गिऱ्हाइकाच्या विचारात जमा होतात. जाहिरातीचंही तसंच. पेपरचं बिल महिनाअखेरीला येतं, ऑनलाइन जाहिरातीचे पैसे कार्डावरून ठरावीक रक्कम भरली की एकदम कापले जातात. खर्चाच्या रकान्यात जाहिरात लोकांना दिसली तो दिवस हवा आणि विक्रीच्या रकान्यात गिऱ्हाइकाने 'घेतली' म्हटलं तो दिवस हवा.

तारखा नीट लावल्या तरी खरा घोळ पुढेच आहे. बरेच दुकानदार शुक्रवारी जाहिरात देतात, आणि जाहिरात असो वा नसो, दुकानात गर्दी रविवारी होते. या आकड्यांवर क्रॉस-कोरिलेशन चालवलं तर दोन दिवसांवर झकास उंचवटा येतो. दुकानदार खूश होतो. वास्तविक त्या उंचवट्याने एवढंच सांगितलं की शुक्रवारनंतर दोन दिवसांनी रविवार येतो.

हा खोटा उंचवटा ओळखता येतो. तो एकटा नसतो. दोन दिवसांवर एक, नवावर दुसरा, सोळावर तिसरा, बरोबर सात-सात दिवसांच्या अंतराने. आणि यादी उलट्या दिशेने सरकवली तर उणे पाच दिवसांवरही तो तितकाच ठसठशीत उभा असतो, जणू विक्री आधी झाली आणि जाहिरात पाच दिवसांनी आली. असे खांब ओळीने दिसले की समजावं, आपण कॅलेंडर मोजतो आहोत.

सणांचंही तेच. दसरा-दिवाळीत खर्चही वाढतो, विक्रीही वाढते, आणि मग कुठल्याही विलंबाला संबंध घट्टच दिसतो. उडनी यूल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९२६ मध्येच हा सापळा दाखवून दिला होता. इंग्लंडमध्ये १८६६ ते १९११ या काळात चर्च ऑफ इंग्लंडच्या पद्धतीने होणाऱ्या लग्नांचं प्रमाण आणि मृत्युदर यांचा सहसंबंध त्याने काढला, तो आला ०.९५. दोन्ही गोष्टी त्या काळात आपापल्या कारणांनी उतरत होत्या, एकमेकींशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

यावर पहिला उपाय म्हणजे वाराचा हिस्सा काढून टाकणं. प्रत्येक रविवारच्या आकड्यातून सगळ्या रविवारांची सरासरी वजा करायची, सोमवारातून सोमवारांची. D रकान्यात WEEKDAY ने वार काढला की ऑर्डरींसाठी सूत्र असं होतं:

```
=C2-AVERAGEIF(D$2:D$121,D2,C$2:C$121)
```

खर्चाच्या रकान्यालाही हेच करायचं. सणाचे आठवडे मोजणीतून सरळ बाजूला ठेवावेत.

आता गंमत पाहा. जो दुकानदार दर शुक्रवारी ठरलेली तेवढीच रक्कम खर्चतो, त्याच्या खर्चातून वाराची सरासरी वजा केली की उरतं काय? प्रत्येक ओळीत शून्य. चार महिनेच काय, चार वर्षांचा हिशेब दिला तरी त्याच्या जाहिरातीचा विलंब त्या आकड्यांतून निघणार नाही. सूत्र कमी पडत नाही, त्या आकड्यांत ती माहितीच नसते. जाहिरात आणि रविवार हे दोघे नेहमी हातात हात घालून आले, तर गिऱ्हाईक कोणामुळे आलं हे सांगणार कसं?

म्हणून माझं ठाम मत आहे की विलंब मोजायचा असेल तर जाहिरातीचे दिवस दुकानदाराने स्वतः ठरवू नयेत, नाण्याला ठरवू द्यावेत. ऑनलाइन जाहिरातीत हे सहज जमतं. रोज सकाळी नाणं उडवायचं. छाप आली तर तीन हजार, काटा आला तर पाचशे. पेपरची जाहिरात आधी बुक करावी लागते, तिथे महिन्याच्या सुरुवातीला चिठ्ठ्या टाकून तारखा काढाव्यात. नाण्याला ना रविवार कळतो ना पगाराची तारीख, त्यामुळे खर्चाचे चढउतार दुसऱ्या कशाशीच बांधलेले राहत नाहीत. आणखी एक फायदा होतो. एरवी जाहिरात सलग आठवडाभर चालली तर उंचवटा पसरट होतो आणि नेमका दिवस हाती लागत नाही. नाण्याच्या खर्चात कालचा आजशी संबंध नसतो, त्यामुळे प्रत्येक विलंबाचा आकडा त्या त्या दिवशीचा प्रतिसाद वेगळा दाखवतो.

मग निकाल वाचायचा कसा? १२० दिवसांच्या हिशेबात निव्वळ योगायोगानेही आकडा शून्यापासून ०.१८ पर्यंत इकडेतिकडे हलतो. ही मर्यादा म्हणजे दोन भागिले दिवसांच्या संख्येचं वर्गमूळ. आपण एकवीस विलंब तपासतो आहोत, तेव्हा त्यांतला एखादा नशिबानेच ती ओलांडेल. तेराव्या दिवशी एकटाच ०.१९ दिसला तर त्यावर भरवसा ठेवू नये. तिसऱ्या दिवशी ०.३१, चौथ्या दिवशी ०.२२, दुसऱ्या दिवशी ०.१५ अशी सलग टेकडी दिसली, तर ती माणसांच्या वागण्यातून आलेली असण्याची शक्यता खूपच जास्त.

आणि उणे बाजू जरूर पाहावी. उद्याच्या जाहिरातीने आजची विक्री वाढत नाही, म्हणून तिथे शांतता हवी. तिथे उंचवटा दिसला तर विक्री पाहून खर्च ठरतो आहे असं समजावं. बजेट स्वतःच वरखाली करणाऱ्या ऑनलाइन जाहिरातींत हे हमखास होतं: मागणी दिसली की यंत्रणा जास्त पैसे ओतते, आणि जाहिरातीने विक्री वाढवल्यासारखं भासतं. नाणेफेकीच्या काळात ती सोय बंद ठेवावी लागते.

या सगळ्यातून मिळतो तो प्रतिसादाचा जलद भाग. त्याचं शेपूट यात दिसत नाही. अमेरिकेतल्या लिडिया पिंकहॅम कंपनीच्या स्त्रियांसाठीच्या औषधाचे १९०७ ते १९६० चे वार्षिक आकडे या विषयात फार अभ्यासले गेले. क्रिस्टियन पाल्डाने १९६४ मध्ये ते पुस्तकरूपाने मांडले. वर्षावर्षाच्या अशा आकड्यांतून जाहिरातीचा परिणाम कित्येक वर्षं टिकतो असं निघायचं. १९७६ मध्ये डॅरल क्लार्कने असे अनेक अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा लक्षात आलं की आकडे जितक्या मोठ्या काळाचे, तितका परिणाम लांबलेला दिसतो. त्याचा निष्कर्ष होता की नेहमी घेतल्या जाणाऱ्या स्वस्त वस्तूंच्या बाबतीत जाहिरातीचा ९० टक्के परिणाम तीन ते नऊ महिन्यांत होऊन जातो.

तीन दिवसांची टेकडी आणि हे महिने, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. फ्रिजवर ठेवलेलं ते पेपरचं पान एखाद्या घरात मुलीच्या लग्नापर्यंत तसंच राहतं. पाच महिन्यांनी ते लोक दुकानात येतात, दोन गाद्या घेतात. त्यांची ऑर्डर C रकान्यात कुठल्या तरी मंगळवारी लिहिली जाते आणि सरासरीत मिसळून जाते.