काचबिंदूचे दोन थेंब आणि मधली पाच मिनिटं

नांदेड-लातूरकडे काचबिंदूच्या अनेक रुग्णांना रात्री दोन औषधं असतात, समजा टिमोलॉल आणि लॅटानोप्रोस्ट. घाईत दोन्ही लागोपाठ टाकली जातात. मग दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. बाटलीतला एक थेंब साधारण ४० मायक्रोलीटरचा आणि पापणीच्या आत जेमतेम ३० मावतात. म्हणजे एकच थेंबसुद्धा थोडा ओघळतोच. दोन-तीन टाकून फायदा काहीच नाही.

समजा रात्रीचे नऊ वाजलेत. हात धुवा, मान मागे टाका, खालची पापणी ओढून खळगा करा आणि टिमोलॉलचा एक थेंब सोडा. बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नका. डोळा अलगद मिटा आणि नाकालगतचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून ठेवा. तिथून अश्रूंची नळी नाकात उतरते. घशात कडू चव आली तर औषध तिकडे गेलं, असं समजा. टिमोलॉलच्या बाबतीत हे फार जपायला हवं, कारण ते रक्तात गेलं की नाडी मंदावते आणि दम्याचा त्रास बळावतो. दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

नऊ वाजून पाच मिनिटांनी, दहा झाली तर उत्तमच, लॅटानोप्रोस्ट टाका. मलम असेल तर सगळ्यात शेवटी.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात लॅटानोप्रोस्टची न उघडलेली बाटली फ्रीजमध्येच ठेवा, बर्फाच्या कप्प्यात मात्र नको. उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा; साधारण सहा आठवड्यांनी औषध उरलं तरी बाटली टाकून द्या.