फोटोतला पांढरा कोट

नव्या डॉक्टरांच्या फोटोवर फोटोशॉपमध्ये कोट चढवताना चेहऱ्याला बहुधा कुणी हात लावत नाही. फसगत होते ती गळ्यापाशी.

समजा, फोटोत उजेड डावीकडून आहे आणि तयार कोटावर उजवीकडून. कोट आडवा उलटवला की उजेड जुळतो, पण छातीवरचा खिसा आणि बटणपट्टी चुकीच्या बाजूला जातात. त्यामुळे उजेड जुळणारा कोटच निवडावा. मग Warp वापरून कॉलर मानेच्या उताराला बसवावी. मान किंचित वळलेली असेल, तर कॉलरच्या दोन्ही बाजू सारख्या दिसता कामा नयेत.

खरी कसोटी सावलीची. हनुवटीची सावली मानेवरून उतरते, पण कोटाशी आली की कापल्यासारखी थांबते. जोड तिथेच उघडा पडतो. कोटावर Multiply चा वेगळा लेयर घेऊन तीच सावली मऊ ब्रशने कॉलरवर पुढे न्यावी. रंग काळा नको, फिकट करडा हवा. कॉलरच्या कडेलगत त्वचेवरही बारीक, गडद सावली लागते.

स्टेथोस्कोपची नळी कॉलरखालून जाणार असेल, तर तेवढा भाग मास्कने झाकावा. उरलेल्या नळीची सावली उजेडाच्या विरुद्ध बाजूला टाकावी.

आणि स्टुडिओवाल्यांनो, डॉक्टर नसलेल्याला ओळखपत्रासाठी असा फोटो करून देऊ नका.