फोटोत वांग गेले, आरशात मात्र तसेच! मोबाईलवरच्या चेहऱ्यावर किती विश्वास ठेवायचा?

कांदा लागवडीला जाणाऱ्या एका ताईंचं उदाहरण घेऊ. दोन्ही गालांवर तपकिरी डाग. मेडिकलमधून कुणीतरी सांगितलेली ट्यूब आणली, तीन आठवडे लावली आणि आधीचा-नंतरचा असे दोन फोटो भाचीला पाठवले. दुसऱ्या फोटोत चेहरा उजळ, डाग जवळजवळ गायब. मग शेजारणींनीही तीच ट्यूब मागवली.

आता फोटो नीट बघा. पहिला बांधावर भर दुपारी, मागच्या कॅमेऱ्याने काढलेला. ऊन डोक्यावरून आलं की प्रत्येक खड्ड्याची, पुटकुळीची सावली पडते आणि कातडी आहे त्यापेक्षा खडबडीत दिसते. दुसरा घरात, सेल्फी कॅमेऱ्याने. त्यात बऱ्याच फोनवर ब्युटी मोड आधीपासूनच चालू असतो, तो डाग पुसट करतो आणि कातडी गुळगुळीत करतो. म्हणजे ट्यूबचं किती अन् फोनचं किती, हे या दोन फोटोंवरून कळतच नाही.

तरी फोटो अगदीच निकामी नाही. दोन्ही गाल, कपाळ, वरच्या ओठावर सारखेच डाग असतील तर वांगाची शंका येते. उन्हाचा परिणाम बघायचा तर गालाचा रंग हनुवटीखालच्या झाकल्या कातडीशी ताडून बघावा. आपल्या सावळ्या कातडीवर उन्हाची खूण बहुतेक वेळा सुरकुत्यांआधी रंगाच्या फरकात दिसते. मात्र डाग किती खोल आहे, हे फोटो सांगत नाही. त्यासाठी डॉक्टर अंधारात वुड्स लॅम्प धरून बघतात. गरोदरपण किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमुळेही वांग येतात, हेही फोटोत दिसणार नाही, ते विचारावंच लागतं.

खरी गोम ट्यूबमध्ये आहे. अशा काही ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा उजळतो, फोटो छान येतो. पण डॉक्टरला न विचारता महिनोन्‌महिने लावली तर कातडी पातळ होते, लाली येते, बारीक शिरा दिसू लागतात, लव वाढते, आणि ट्यूब बंद केली की आग होते. ही आग कुठल्या फोटोत येणार? ताईंना उन्हात गेल्यावर झोंबायला लागलं होतं, पण फोटो चांगला दिसतोय म्हणून त्या लावतच राहिल्या.

फरक बघायचाच असेल तर चेहरा धुऊन, सकाळी त्याच खिडकीजवळ, तेवढ्याच अंतरावरून, फ्लॅश आणि ब्युटी मोड बंद करून मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढा. समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक. डॉक्टरांकडे जाताना हे फोटो न्या, आणि ट्यूबचं खोकंही न्या. त्यावरचं औषधाचं नाव बघून डॉक्टरांना फोटोपेक्षा जास्त कळतं.