बारा शाखा, पावणेचार तास

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका पतसंस्थेच्या तिमाही आढावा बैठकीला मी काही वर्षांपूर्वी पहिल्यांदा बसलो. बारा शाखांचे व्यवस्थापक, मुख्य कार्यालयातले चार अधिकारी आणि तीन संचालक हजर होते. सकाळी दहाला सुरू झालेली बैठक संध्याकाळी साडेपाचला संपली. शाखांचा क्रम स्थापनेच्या वर्षाप्रमाणे लावलेला होता, म्हणून सगळ्यात जुनी शाखा पहिली आली आणि तिने पंचावन्न मिनिटं घेतली. जेवणापर्यंत चार शाखा झाल्या. सर्वांत नवी शाखा शेवटी आली, तेव्हा पाच वाजून गेले होते. तिच्या व्यवस्थापकाने सहा मिनिटांत आकडे वाचून दाखवले. थकबाकी सगळ्यांत कमी होती. अध्यक्ष "छान" म्हणाले आणि सगळे उठले.

त्या बैठकीची विषयपत्रिका माझ्याकडे आहे. तिच्यात पाच ओळी आहेत: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, शाखानिहाय आढावा, थकबाकी, सोनेतारण कर्जे, आणि शेवटी आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. एकाही ओळीपुढे मिनिटं लिहिलेली नाहीत. कोण बोलणार, शेवटी हाती काय लागायला हवं, हेही नाही. अशा पत्रिकेत वेळेची वाटणी क्रम करतो. जो आधी बोलेल त्याला भरपूर वेळ मिळतो आणि जो शेवटी येईल त्याला उरलासुरला. गरज कुणाची जास्त आहे, हे कुणी पाहतच नाही.

वेळ कुठे जातो याचं दुसरं कारण सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी 1957 साली लिहून ठेवलं आहे. त्यांच्या कल्पित समितीत एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर होते आणि 350 पौंडांच्या सायकल शेडवर पाऊण तास वाद चालतो, कारण शेडबद्दल प्रत्येकाला काहीतरी म्हणता येतं. आमच्या बैठकीतली सायकल शेड म्हणजे पिग्मी एजंटांच्या पावतीपुस्तकांची छपाई. त्यावर पंचवीस मिनिटं गेल्याची नोंद मी वहीत केली होती.

पुढच्या तिमाहीची बैठक बसवून देण्याचं काम संस्थेने मला सांगितलं. पहिली गोष्ट ठरवली ती अशी की शाखावार वाचन बंद. बारा शाखांच्या ठेवी, कर्जं, थकबाकी आणि वसुली हे सगळं एका पानाच्या तक्त्यात मावतं, आणि तक्ता डोळ्यांनी वाचायचा असतो, कानांनी नव्हे. बाराजणांनी तो एकापाठोपाठ मोठ्याने वाचला तर चार तास जातात आणि दोन शाखांची तुलनाही करता येत नाही. म्हणून तक्ता आधी पाठवायचा आणि बैठकीत फक्त त्यातून उभे राहणारे प्रश्न घ्यायचे.

मग विषयांची भाषा बदलली. ‘थकबाकी’ हा शब्द विषय म्हणून निरुपयोगी आहे, कारण त्यावर दिवसभर बोलता येतं. त्याऐवजी लिहिलं, ‘तीन शाखांतल्या 14 मोठ्या थकीत खात्यांपैकी कोणत्या खात्यांवर कलम 101 खाली वसुली दाखल्यासाठी अर्ज करायचा?’ प्रश्न असा लिहिला की चर्चा कधी संपली हे कळतं: चौदा नावांपुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहून झालं की संपली. प्रत्येक विषयापुढे तो माहितीसाठी आहे, चर्चेसाठी की निर्णयासाठी, हे नमूद केलं. जे निव्वळ माहितीसाठी होतं ते पत्रिकेतून काढून टिपणात टाकलं. एवढं केल्यावर पावतीपुस्तकं आपोआप बाहेर गेली.

मिनिटं वाटताना मी शेवटाकडून मोजत आलो. लांबच्या व्यवस्थापकांना दुपारी परतीची गाडी मिळायला हवी, म्हणून पावणेदोनला उठायचं हे पक्कं केलं. दहा ते पावणेदोन म्हणजे 225 मिनिटं. त्यातली चहाची 15 काढली. आणखी 30 मिनिटं कोणत्याही विषयाला न देता राखून ठेवली, त्यातली निम्मी चहाच्या आधी आणि निम्मी शेवटाजवळ. ही राखीव मिनिटं पत्रिकेत उघडपणे छापली. उरलेल्या 180 मिनिटांत सुरुवातीला शांतपणे वाचन 15 मिनिटं, मागच्या निर्णयांचं काय झालं याला 10, थकबाकीच्या तीन शाखांना प्रत्येकी 20, सोनेतारणाला 45, ठेवींच्या व्याजदराला 25, ऐनवेळच्या विषयांना 15, आणि शेवटची 10 मिनिटं झालेले निर्णय मोठ्याने वाचून नाव व तारीख पक्की करायला. नऊ शाखांना स्वतंत्र वेळच नव्हता. दोन व्यवस्थापकांना ते लागलं. पण सर्वांना सारखी मिनिटं देणं हा मान राखण्याचा प्रकार झाला, आढावा नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

टिपणाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळा डोलारा त्यावर उभा असतो. पूर्वी शुक्रवारी रात्री साठ पानांची पीडीएफ व्हॉट्सॲपवर यायची आणि शनिवारी बैठक असायची. कुणीही ती वाचत नसे आणि त्यात वाचणाऱ्याचा दोष नव्हता. कंपन्यांच्या संचालक मंडळासाठी 2013 च्या कायद्यात किमान सात दिवस आधी सूचना देण्याचा नियम आहे. शाखांच्या आढाव्याला तसं बंधन नसतं, म्हणून आम्ही आमचं घालून घेतलं. सोमवारी आकडे गोठवायचे, मंगळवारी संध्याकाळी टिपण पाठवायचं, गुरुवारी संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने निदान एक प्रश्न लेखी कळवायचा. टिपण चार पानांचंच: एक तक्ता, आणि निर्णयाच्या तीन विषयांना प्रत्येकी एक पान. त्या पानावर पार्श्वभूमी, उपलब्ध पर्याय आणि मांडणाऱ्याची स्वतःची शिफारस. शिफारस नसेल तर टिपण परत पाठवायचं.

लेखी प्रश्नाची अट शिस्तीसाठी नव्हती. टिपण वाचलं गेलं की नाही, हे ओळखण्याची ती एकमेव भरवशाची खूण आहे. पहिल्या वेळी सतरा जणांकडून प्रश्न आले, दोघांकडून आले नाहीत. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी पहिली पंधरा मिनिटं होती. ॲमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी 2004 साली स्लाइड्स बंद करून सहा पानांचं सलग टिपण बैठकीच्या सुरुवातीलाच सर्वांनी मुकाट्याने वाचायची पद्धत लावली, ती याच अडचणीवरची. आमच्या लोकांना ही शांतता सुरुवातीला अवघड वाटली. कुणीतरी बोलायला लागे आणि शेजारचा त्याला थांबवे. एक नियम मात्र कडक ठेवावा लागतो. वाचून झाल्यावर मांडणाऱ्याने तेच पुन्हा सांगायचं नाही. तसं एकदा झालं की ज्याने घरी वाचलं तो मूर्ख ठरतो आणि पुढच्या वेळी तोही वाचून येत नाही.

आता त्या शेवटच्या शाखेकडे येतो. एकपानी तक्ता करताना मी एक स्तंभ वाढवला होता: या तिमाहीत नवं-जुनं केलेली खाती. मुदत संपलेलं कर्ज नवं कर्ज देऊन फेडून घ्यायचं, म्हणजे जुनं खातं बंद होतं आणि थकबाकी कागदावरून नाहीशी होते. पतसंस्थांत याला नवं-जुनं म्हणतात. बारा शाखांचे आकडे शेजारी शेजारी आल्यावर दिसलं की सर्वांत नव्या शाखेची थकबाकी सर्वांत कमी आणि नवं-जुनं सर्वांत जास्त, त्यातलं बहुतेक सोनेतारणातलं. बुधवारी दुपारी दुसऱ्याच एका शाखेच्या व्यवस्थापकाने लेखी विचारलं की तिथे ग्रॅममागे कर्ज इतरांपेक्षा जास्त कसं दिलं जातं. त्या एका प्रश्नावरून आम्ही पत्रिका बदलली आणि ती शाखा थकबाकीच्या तीन शाखांत घेतली.

शनिवारी तिला ठरलेली वीस मिनिटं पुरली नाहीत. घड्याळाचं काम अध्यक्षांकडे नव्हतं, कारण चर्चा चालवणारा माणूस घड्याळ विसरतो. मुख्य कार्यालयातल्या लेखापाल बाई पाच मिनिटं उरली की पिवळं कार्ड वर धरत. वेळ संपल्यावर अध्यक्षांना तीनच वाटा मोकळ्या होत्या: आत्ता निर्णय घ्यायचा, दोघा-तिघांची नावं व तारीख ठरवून विषय त्यांच्याकडे द्यायचा, किंवा जास्तीची मिनिटं कुठून घेणार हे मोठ्याने सांगून वाढवायची. आपसूक लांबवणं बंद. अध्यक्षांनी पहिली राखीव पंधरा मिनिटं घेतली. चहा ठरल्या वेळी, अकरा चाळीसलाच झाला.

सोनेतारणाच्या विषयात तोच धागा पुढे निघाला. त्या शाखेत दागिन्यांचं मूल्यांकन एकच सराफ करत होता आणि नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा वजन-शुद्धता न तपासता जुनाच दाखला जोडला जात होता. पंचेचाळीस मिनिटांच्या जागी पंचाहत्तर लागली. वरची तीस आली कुठून, तर शेवटची राखीव पंधरा आणि व्याजदराच्या विषयातली पंधरा. व्याजदराचा निर्णय दहा मिनिटांत झाला, कारण दोन्ही पर्यायांचा खर्च टिपणात मांडलेला होता आणि सगळ्यांनी तो पाहिला होता. बैठक पावणेदोनला संपली.

या पद्धतीला मर्यादा आहेत. अफरातफर उघड झाली, तर पत्रिका बाजूला ठेवून त्या एकाच गोष्टीवर बसावं लागतं. तिथे पिवळं कार्ड दाखवणं चूक ठरेल. ज्याला उत्तर अजून कुणालाच माहीत नाही, असा प्रश्नही वीस मिनिटांत कोंबू नये, त्यासाठी वेगळा दिवस काढावा. आणि पहिल्या खेपेचे अंदाज चुकतातच. आमचं वाचन पंधराऐवजी वीस मिनिटं चाललं आणि मागच्या निर्णयांना दहाऐवजी पाचच पुरली. म्हणून प्रत्येक विषयापुढे ठरलेली आणि लागलेली मिनिटं इतिवृत्तात लिहायला सुरुवात केली आणि पुढच्या पत्रिका त्या नोंदीवरून केल्या.

त्या शनिवारी चौदापैकी नऊ खात्यांवर वसुली दाखल्यासाठी अर्ज करायचं ठरलं, आणि सर्वांत नव्या शाखेतल्या सगळ्या तारण दागिन्यांचं दुसऱ्या सराफाकडून फेरमूल्यांकन सोमवारी सुरू झालं.