भाव कुठे रेंगाळला?

भाजीबाजारात कोणी एकदाच साठ रुपये मागतो, पण दिवसभर सौदे चाळीसच्या आसपास होतात. मग त्या दिवसाचा रास्त भाव चाळीसच. शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडचे व्यापारी पीटर स्टाइडलमायर यांनी 1980च्या दशकात हीच गोष्ट कागदावर उतरवली आणि तिला ‘मार्केट प्रोफाइल’ म्हटलं.

दर अर्ध्या तासाला एक अक्षर असतं. 9.15 ते 9.45 मध्ये निफ्टी ज्या ज्या भावांना शिवला, त्यांच्यापुढे ‘ए’, पुढच्या अर्ध्या तासात ‘बी’. संध्याकाळी सर्वांत लांब ओळ म्हणजे पॉइंट ऑफ कंट्रोल. तिथून वर-खाली, जिकडे अक्षरं जास्त तिकडे सरकत, एकूण अक्षरांपैकी सुमारे 70 टक्के सामावणारा पट्टा म्हणजे व्हॅल्यू एरिया.

समजा, कालचा पट्टा 24,940 ते 25,060 आणि लांब ओळ 25,000वर. आज बाजार 25,090ला उघडला, पण पट्ट्यात परतून सलग दोन अर्धे तास आतच राहिला. वरचा भाव नाकारला गेला, म्हणून ट्रेडर आधी 25,000 आणि मग 24,940कडे पाहतात. उलट अक्षरं 25,090च्या आसपासच साचू लागली, तर रास्त भावच वर सरकलाय. तेव्हा ‘महाग आहे’ म्हणून विकणारा फसतो.

हा नकाशा कालचा आहे. शिवाय अक्षरं वेळ मोजतात, उलाढाल नव्हे.